लाज नको, हिशेब द्या

शाळेच्या ग्रंथालयासाठी मदत मागणारी पत्रकं बहुधा अशी सुरू होतात: ‘तुम्ही एका जेवणावर हजार रुपये उडवता, इथे गरीब मुलांच्या हाती एक पुस्तक नाही.’ वाचणारा ओशाळतो. एखादा पैसे देऊन सुटका करून घेतो, पण पुढचं पत्रक उघडत नाही. मुलांचीही ओळख केवळ बिचारी अशीच उरते.

हेच आवाहन नव्याने लिहू. समजा, चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत ६० मुलं आहेत. मग असं लिहावं: ‘आमच्या मुलांनी शाळेतली गोष्टींची पुस्तकं वाचून संपवली आहेत. आता ती नवी मागताहेत. कपाटासाठी ९,००० रुपये गावाने जमवले. सरासरी ८० रुपयांची १५० पुस्तकं घ्यायची आहेत, त्यासाठी १२,००० रुपये हवेत. ८०० रुपयांत दहा पुस्तकं येतील. दर शनिवारी मुलं ती घरी नेतील; नोंदवही चौथीचे विद्यार्थी ठेवतील.’

इथे आधी मुलांची आवड आली, मग गावाचा वाटा आणि शेवटी नेमकी उणीव. आपल्या रकमेचं काय होईल, हे देणाऱ्याला दिसतं. मात्र यातलं प्रत्येक वाक्य खरं हवं. गावाने काही जमवलं नसेल, तर तसं लिहू नये. मुलांचे रडवेले फोटोही नकोत.

रक्कम पूर्ण झाली की मागणं थांबवावं. खरेदीची पावती आणि पुस्तकांची यादी प्रत्येक देणगीदाराला पाठवावी, पाचशे देणाऱ्यालाही.