तिसरी कॅन्डल, पाचवी कॅन्डल

गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४. निफ्टी २६,००५ वर उघडला, चढत चढत २६,२५१ पर्यंत गेला आणि २६,२१६ वर बंद झाला. डेरिव्हेटिव्हच्या मासिक सौदापूर्तीचा हा दिवस होता आणि चार्टवर चांगली लांब हिरवी कॅन्डल उमटली. शुक्रवारी बाजार जवळजवळ आदल्या दिवसाच्या उच्चांकावरच उघडला आणि २६,२७७ ला टेकला. पण तिथे टिकला नाही. दिवसअखेर तो २६,१७९ वर बंद झाला आणि हिरव्या कॅन्डलशेजारी एक छोटी लाल कॅन्डल उभी राहिली. दोघींचे माथे जवळपास एका रेषेत होते. फरक अवघा २६ अंकांचा, म्हणजे साधारण ०.१ टक्का.

तेजीच्या शेवटी अशा सम माथ्याच्या दोन कॅन्डल आल्या की त्या जोडीला ‘ट्वीझर टॉप’ म्हणतात. मंदीच्या शेवटी दोघींचे तळ एका पातळीवर आले, तर ती ‘ट्वीझर बॉटम’. यातला तर्क सोपा आहे. एका दिवशी भाव जिथे अडला, तिथेच दुसऱ्या दिवशीही अडला, म्हणजे त्या भावाला कुणीतरी भरपूर माल विकायला बसले आहे. कालचा खरेदीचा जोर आज ती भिंत ओलांडू शकला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी एवढेच कळलेले होते. भिंत आहे हे दिसत होते, पण खरेदीदार दमले की नुसते थांबले, हे या दोन कॅन्डल सांगत नव्हत्या. सोमवारीही पुन्हा धडक बसून भिंत कोसळू शकली असती. तेजीत असे वरचेवर होते. दोन दिवस एकाच भावाला अडलेला शेअर तिसऱ्या दिवशी नवा उच्चांक गाठतो आणि घाईने विकलेल्यांना चढ्या भावाने परत घ्यावे लागते. थॉमस बुल्कोव्स्की या अमेरिकी अभ्यासकाने लाखो कॅन्डल तपासून या रचनांचा हिशेब मांडला आहे. त्यात नुसत्या ट्वीझरचा निकाल नाणेफेकीच्या फार पुढे गेलेला नाही. म्हणून ट्वीझरची खात्री जोडीच्या बाहेरून, तिसऱ्या कॅन्डलकडून यावी लागते.

ती खात्री कशी ओळखायची? टॉपच्या बाबतीत, दोन्ही कॅन्डलपैकी जिचा तळ अधिक खाली आहे, त्या तळाखाली भाव बंद झाला पाहिजे. दिवसभरात नुसता खाली डोकावून परत वर आला, तर ते धरायचे नाही. निफ्टीच्या जोडीत गुरुवारचा तळ २६,००० च्या आसपास होता. सोमवार, ३० सप्टेंबरला निर्देशांक २५,८११ वर बंद झाला आणि खात्री मिळाली. त्याच आठवड्यात गुरुवारी एका दिवसात ५४६ अंकांची घसरण झाली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निफ्टी २३,३०० च्याही खाली उतरला. २६,२७७ ची पातळी पुढे वर्षभराहून अधिक काळ ओलांडली गेली नाही.

या घसरणीची कारणे चार्टवर नव्हती. इराणने इस्राएलवर क्षेपणास्त्रे डागली, चीनने आपल्या अर्थव्यवस्थेला मदतीची मात्रा दिली आणि परदेशी वित्तसंस्थांनी ऑक्टोबरात भारतात विक्रमी विक्री केली. ट्वीझरला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने फक्त भाव कुठे अडला ते दाखवले, आणि आपण चुकलो असे कोणत्या भावाला मानायचे तेही सांगितले. २६,२७७ च्या वर बंद भाव आला असता, तर ही जोडी तिथेच बाद झाली असती.

खात्रीसाठी मोल मोजावे लागते, हेही इथेच दिसते. शुक्रवारच्या बंद भावाला विकणाऱ्याला २६,१७९ मिळाले असते, सोमवारपर्यंत थांबणाऱ्याला २५,८११. थांबण्याचे मोल ३६८ अंक. शिवाय स्टॉपलॉस त्याच माथ्यावर ठेवायचा, म्हणजे जोखीम शंभर अंकांवरून साडेचारशेच्या पुढे गेली. ज्याला एवढी जोखीम परवडत नाही, त्याने सौद्याचा आकार कमी करावा. खात्रीच सोडून देणे हा त्यावरचा उपाय नाही.

बॉटमचे उदाहरणही निफ्टीनेच दिले आणि ते अधिक बोधक आहे, कारण ते स्वच्छ नाही. ३ मार्च २०२५ ला निर्देशांकाने २२,००५ चा तळ दाखवला आणि दिवस लाल गेला. ४ मार्चला तळ २१,९६५ वर आला. निफ्टी सलग दहाव्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा खाली बंद झाला होता, पण उघडल्या भावापेक्षा तो वर बंद झाल्याने कॅन्डल हिरवी होती. दोन तळांत ४० अंकांचे अंतर. काटेकोर माणूस याला ट्वीझर म्हणणार नाही. पण बावीस हजारांच्या निर्देशांकात ४० अंक म्हणजे ०.२ टक्क्यांहूनही कमी, आणि इतकी सूट देणे रास्त आहे. बॉटमला खात्री उलट बाजूने लागते. दोन्ही माथ्यांपैकी उंच माथ्याच्या वर भाव बंद व्हायला हवा. तो माथा २२,२६२ च्या आसपास होता आणि ५ मार्चला निफ्टी २२,३३७ वर बंद झाला. महिनाअखेरीच्या आत तो २३,६०० च्या पुढे पोचला. मग एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेच्या आयातशुल्काची घोषणा झाली. ७ एप्रिलला निर्देशांक २१,७४४ पर्यंत कोसळला आणि मार्चमधला तळ दिवसभरात मोडला गेला. खात्री मिळालेली रचनादेखील तिच्या वेळेपुरतीच खरी असते.

सम माथे किंवा सम तळ दिसले की प्रत्येक वेळी त्यात अर्थ असतोच असे नाही. दहा रुपयांच्या शेअरचा भाव पाच पाच पैशांच्या पायऱ्यांनी हलत असेल, तर लागोपाठ दोन दिवस तोच तळ लागणे हा निव्वळ योगायोग असू शकतो. राष्ट्रीय शेअर बाजाराने जून २०२४ पासून अडीचशे रुपयांखालच्या शेअरसाठी ही पायरी एका पैशावर आणली. त्यामुळे अशा शेअरचे जुने चार्ट वाचताना अधिक सावध राहावे लागते. पाच मिनिटांच्या चार्टवर तर दिवसातून कितीतरी ट्वीझर सापडतात आणि विरतात. कॅन्डलची ही विद्या पाश्चात्त्य वाचकांपर्यंत नेणाऱ्या स्टीव्ह निसन यांच्या मते ट्वीझरला खरे वजन येते ते आठवड्याच्या आणि महिन्याच्या चार्टवर. रोजच्या चार्टवर सोबत उलटफेराची दुसरी एखादी खूण असावी.

आता दुसरी रचना. तिचे कूळ जपानातल्या तांदळाच्या बाजारात आहे. साकाता या बंदराच्या गावी अठराव्या शतकात मुनेहिसा होम्मा नावाचा मातब्बर तांदूळ व्यापारी होऊन गेला. त्याच्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच पद्धतींत एक आहे ‘सान्पो’, म्हणजे तीन पद्धती. खरेदी, विक्री आणि विश्रांती या त्या तीन. विश्रांतीलाही सौद्याइतकेच स्थान देणारा हा विचार ‘रायझिंग थ्री मेथड्स’मध्ये चार्टवर दिसतो.

समजा एक शेअर काही आठवडे चढत आहे. एके दिवशी तो ४०२ वर उघडतो, ३९९ ते ४२६ या पट्ट्यात फिरतो आणि ४२४ ला बंद होतो. आधीच्या दहाबारा कॅन्डलपेक्षा ही कॅन्डल डोळ्यांत भरेल इतकी लांब असते. त्या दिवशी नऊ लाख शेअरची उलाढाल होते. पुढचे तीन दिवस भाव हळूहळू घरंगळतो. बंद भाव आधी ४१८, मग ४१३, मग ४०९ असे येतात. कॅन्डल छोट्या आणि बहुधा लाल असतात. उलाढाल चार लाखांवर येते, मग तीनवर. महत्त्वाचे म्हणजे या तीन दिवसांत भाव कधीही ३९९ च्या खाली किंवा ४२६ च्या वर जात नाही. रेघांसकट तिन्ही कॅन्डल पहिलीच्या पोटात मावतात. त्यांचा सर्वांत खालचा भाव ४०६ असतो.

हे तीन दिवस फार काही सांगून जातात. ज्यांना नफा वसूल करायचा होता त्यांनी विकले, पण विकणारे थोडे होते आणि त्यांना एका दिवसात मिळवलेली जमीनही पूर्ण परत घेता आली नाही. तरी चौथ्या संध्याकाळी रचना अजून झालेली नसते. इथेच बहुतेकांचे चुकते. ४०९ ला स्वस्त मिळतो म्हणून ते उद्याची कॅन्डल मनानेच रंगवतात आणि आज खरेदी करतात. मग उद्या भाव ३९७ ला बंद झाला, तर विश्रांती नव्हती, माघार होती, हे उशिरा कळते.

पाचव्या दिवशी शेअर आदल्या बंद भावाच्या वर, म्हणजे ४१२ ला उघडतो आणि ४२९ ला बंद होतो. उलाढाल पुन्हा आठ लाखांवर जाते. पहिल्या दिवसाचा ४२४ हा बंद भाव ओलांडला गेला, म्हणजे खात्री मिळाली. ट्वीझरशी असलेला मोठा फरक तो हाच. थ्री मेथड्समध्ये खात्री बाहेरून शोधावी लागत नाही. पाचवी कॅन्डल रचनेचाच भाग आहे आणि ती आली नाही तर रचनाच नाही. तोच बंद भाव ४२२ आला असता, तर दिवस हिरवा असूनही हाती काही नसते. सहाव्या दिवशी ४२४ ओलांडला तर ती साधी मुसंडी म्हणायची आणि तिला वेगळ्या निकषाने तोलायचे.

मधल्या कॅन्डल तीनच हव्यात असा हट्ट निसनही धरत नाहीत. दोन किंवा चारही चालतात. पट्ट्याबाहेर गेलेली रेघ मात्र गंभीर मानावी. खरेदी ४२९ ला केली तर स्टॉपलॉस मधल्या दिवसांच्या ४०६ या तळाच्या जरा खाली, ४०५ ला. म्हणजे शेअरमागे २४ रुपयांची जोखीम. इतका नेटका आकार क्वचितच सापडतो. बुल्कोव्स्कीच्या मोजणीतही तो दुर्मीळच ठरला आहे. पण सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी पुढे आधीचीच दिशा धरली. ट्वीझरच्या तुलनेत ही कामगिरी बरीच उजवी आहे.

‘फॉलिंग थ्री मेथड्स’ म्हणजे हेच चित्र उलटे. घसरणीत एक लांब लाल कॅन्डल, तिच्या पट्ट्यात हळूहळू वर सरकणाऱ्या छोट्या हिरव्या कॅन्डल आणि शेवटी पहिलीच्या बंद भावाखाली बंद होणारी लाल कॅन्डल. उलाढालीची अट इथे सैल धरावी. चढायला पैसा ओतावा लागतो, पडायला खरेदीदार नसले तरी पुरते. त्यामुळे पाचव्या दिवशी उलाढाल वाढली नाही म्हणून ही रचना नाकारू नये.

आपल्याकडे रोखीच्या बाजारात हाती नसलेला शेअर विकून सौदा दुसऱ्या दिवसावर नेता येत नाही. त्यासाठी फ्युचर किंवा पुट लागतो. म्हणून सामान्य गुंतवणूकदाराला या रचनेचा उपयोग निराळा आहे. छोट्या हिरव्या कॅन्डल पाहून ‘आता सावरला’ असे वाटते आणि सरासरी कमी करायला आणखी शेअर घेतले जातात, नेमकी ती खरेदी इथे रोखता येते. पाचव्या दिवसाचा बंद भाव पाहून मगच ठरवावे. तो पहिल्या लाल कॅन्डलच्या बंद भावाखाली गेला, तर हातातले शेअर कमी करण्याचा विचार करावा. त्यानंतर भाव मधल्या हिरव्या कॅन्डलच्या सर्वांत उंच माथ्यावर बंद झाला, तर इशारा बाद समजावा.