ब्रश मऊ की कडक, हाताचा की बॅटरीचा?

दात घासताना काढायचा असतो तो प्लाक, म्हणजे जिवाणूंचा पांढरट, चिकट थर. तो इतका मऊ असतो की नखाने खरवडला तरी निघतो. त्यामुळे तो काढायला जोर लागत नाही. ब्रशचे केस नेमक्या जागी पोचावे लागतात. ही जागा म्हणजे दात आणि हिरडी जिथे मिळतात ती कड. तिथे प्लाक काही दिवस राहिला, तर लाळेतील क्षार मिसळून त्याचा टणक टार्टर होतो. तो कोणत्याच ब्रशने निघत नाही. दंतवैद्याकडे जाऊनच काढावा लागतो.

ब्रशचे केस मऊ, मध्यम की कडक हे मुख्यतः त्यांच्या जाडीवर ठरते. मऊ केस सुमारे 0.2 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असतो. तो वाकतो, म्हणून हिरडीच्या कडेखाली आणि दातांच्या फटीजवळ थोडा आत शिरतो. जाड केस वाकत नाही. तो दाताच्या फुगीर भागावरून सरकतो आणि हिरडीला मात्र टोचतो. कडक ब्रशने दात गुळगुळीत लागतात, पण कडेचा प्लाक मागे राहू शकतो. म्हणून दंतवैद्य जवळजवळ सर्वांनाच मऊ ब्रश सांगतात. चांगल्या ब्रशच्या केसांची टोके घासून गोल केलेली असतात. नुसती कापलेली टोके हिरडीला ओरखडे काढतात.

कडक ब्रश आणि जोर एकत्र आले की काय होते, ते एका नेहमीच्या उदाहरणावरून दिसते. उजव्या हाताने काम करणारा माणूस वर्षानुवर्षे करवत चालवावी तसा आडवा ब्रश फिरवतो. त्याचा सर्वाधिक दाब बहुधा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्यामागच्या उपदाढांवर पडतो. तिथली हिरडी हळूहळू वर सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कठीण कवच नसते, त्यामुळे पेस्टमधील बारीक कण ब्रशसोबत घासले जाऊन तिथे पाचरीसारखी खाच पडते. थंड पाण्याचा घोट घेतला की सणकन कळ जाते. ‘दात किडला’ असे वाटते, पण कीड नसते. आणि सरकलेली हिरडी आपोआप खाली येत नाही.

हाताचा दाब किती आहे, हे स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पाहता येते. दातावर टेकवतो तसा ब्रश काट्यावर टेकवावा. आकडा दीडशे ग्रॅमच्या आसपास असला तर ठीक. चारशे-पाचशे दिसला तर हात फार जड आहे. ब्रश मुठीत न धरता पेन्सिलीसारखा बोटांत धरला की दाब आपोआप कमी होतो. केस हिरडीच्या कडेकडे 45 अंशांत तिरके टेकवून जागच्या जागी हलकेच हलवायचे. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे.

विजेच्या ब्रशचा उपयोगही याच संदर्भात पाहायला हवा. कॉक्रेन या संस्थेने 2014 मध्ये 56 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर विजेच्या ब्रशने प्लाक साध्या ब्रशपेक्षा सुमारे 21 टक्के कमी आढळला, तर हिरड्यांची सूज सुमारे 11 टक्के. सर्वाधिक पुरावा होता तो गोल डोके दोन्ही दिशांना फिरणाऱ्या ब्रशचा. हा फरक खरा असला तरी प्रचंड नाही. ज्याचा हात नीट चालतो, त्याचे साध्या ब्रशने भागते. बोटे आखडलेली, हात थरथरणारे किंवा दातांना तारा लावलेले लोक यांना मात्र यंत्राचा खरा फायदा होतो. जड हाताच्या माणसाने दाब वाढताच इशारा देणारा ब्रश निवडावा. हा ब्रश साध्या ब्रशसारखा घासायचा नसतो. एकेका दातावर क्षणभर नुसता टेकवून पुढे न्यायचा असतो. शिवाय डोके बदलण्याचा खर्च कायम राहतो, हेही विकत घेण्याआधी पाहावे.

साधा ब्रश असो वा विजेच्या ब्रशचे डोके, ते तीन ते चार महिन्यांनी बदलावे, असे अमेरिकन डेंटल असोसिएशन सांगते. मात्र कॅलेंडरपेक्षा केसांकडे पाहणे महत्त्वाचे. ब्रश बाजूने धरून पाहावा. केस बुडख्याच्या पट्टीबाहेर फाकलेले दिसले, तर ते कडेपर्यंत पोचत नाहीत आणि दोन महिनेच झाले असले तरी ब्रश निकामी झाला. मुले ब्रश चावतात, म्हणून त्यांचा आणखी लवकर बदलावा लागतो. मोठ्या माणसाचा नवा ब्रश महिन्याभरातच फाकत असेल, तर दोष बहुधा ब्रशचा नसून हाताचा असतो. वापरानंतर ब्रश धुऊन उघडा, उभा ठेवावा; टोपण लावून बंद केल्यास तो वाळत नाही आणि ओलाव्यात जिवाणू वाढतात.