डोळ्यांतला अंधार

मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दिवसांत एक दिवस तर उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. मुहूर्त आटोपला की नवरीला अंगणात उभं करतात, आणि फोटोत कपाळ पांढरंफटक, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाची सावली थेट वरच्या ओठावर!

दोष कॅमेऱ्याचा नाही. ऊन वरून येतं आणि भुवईचं हाड छज्जासारखं पुढे आलेलं असतं, त्यामुळे खोबणीत ऊन पोचतच नाही. डोळे दिसावेत म्हणून एक्स्पोजर वाढवलं, तर कपाळ आणि नाकाचा शेंडा जळून जातो.

जाणता फोटोग्राफर आधी ऊन अडवतो. चौकटीवर ताणलेलं पांढरं पातळ कापड, म्हणजे डिफ्यूझर, साहाय्यक नवरीच्या डोक्यावर धरतो. सिनेमावाले याला स्किमर म्हणतात. कापड जितकं जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. मात्र चेहऱ्यावरचा प्रकाश एक-दीड स्टॉपने उतरतो आणि उन्हातली पार्श्वभूमी भगभगीत होते. म्हणून मागे सावलीतली भिंत असलेली बरी.

एवढ्याने काम निम्मंच होतं, कारण प्रकाश अजूनही वरूनच येतोय. दुसरा साहाय्यक थर्मोकोलचा पांढरा तक्ता कापडाच्या सावलीबाहेर, उन्हात, नवरीच्या समोर छातीच्या उंचीला धरून हळूहळू तिरका करतो. बुबुळात पांढरा ठिपका चमकला की तक्ता बरोबर बसला. तो फार खाली आणि फार जवळ गेला, तर नाकाची सावली उलटी वर चढते. भुताच्या सिनेमातला चेहरा तयार! चंदेरी रिफ्लेक्टरने नवरी डोळे मिचकावते, सोनेरीने हळदीचा चेहरा आणखी पिवळा पडतो.

साहाय्यक नसेल तर ओसरी गाठावी. सावलीच्या कडेपासून हातभर आत, तोंड उजळलेल्या अंगणाकडे. फरशी आणि समोरची पांढरी भिंत आपोआप तक्त्याचं काम करतात. हिरवळ मात्र हनुवटीवर हिरवी झाक आणते, आणि मांडवाचं केशरी कापड तर सगळा चेहराच रंगवतं. झाडाखालचे कवडसे त्याहून वाईट, गालावर एक ठिपका उन्हाचा नि शेजारी अंधार.

घरातल्या वीसजणांच्या फोटोला कापड पुरत नाही. तिथे फ्लॅश लागतो, तोही उन्हापेक्षा एक-दीड स्टॉप कमी ताकदीचा. जास्त झाला की चेहरे चिकटवल्यासारखे दिसतात. बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही. त्यामुळे ISO १०० वर अ‍ॅपर्चर f/११ च्या आसपास ठेवावं लागतं आणि मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्याही स्पष्ट येतात. हाय-स्पीड सिंक वापरलं तर अ‍ॅपर्चर मोकळं करून त्या धूसर करता येतात, पण फ्लॅशचा जोर बराच घटतो आणि मागच्या रांगेतल्या मामांचे डोळे पुन्हा काळोखात जातात.