पाटल्यांचा परतीचा प्रवास : सोने, सीमाशुल्क आणि एक कागद

वाशीम जिल्ह्यातून परदेशी जाणारी माणसे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. कोणी आखातात कामाला आहे, कोणी अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे. लग्न होऊन सून तिकडे जाते तेव्हा तिच्याबरोबर मंगळसूत्र, पाटल्या, एकदाणी, आजेसासूने दिलेली ठुशी असे सोनेही जाते. रिसोड किंवा कारंजाच्या सराफाकडे घडवलेले हे दागिने चार-पाच वर्षांनी त्याच हातांत, त्याच गळ्यात परत येतात. घरच्यांच्या लेखी ते 'आपलेच' सोने असते. विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे मात्र ते परदेशातून आलेले सोने असते, आणि ते मूळचे इथलेच होते हे सोने स्वतः सांगू शकत नाही. परतणाऱ्या कुटुंबांच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात. म्हणून आधी कायदा काय मोजतो ते पाहू, आणि मग त्याला न दिसणारी गोष्ट कशी दाखवायची ते पाहू.

कायदा काय मोजतो?

सीमाशुल्क कायदा १९६२ सालचा आहे. प्रवाशाच्या सामानाचे तपशील त्याखाली केलेल्या बॅगेज नियमांत असतात. दागिन्यांच्या सवलतीसाठी हे नियम तीन प्रश्न विचारतात : प्रवासी कोण, तो किती काळ बाहेर होता, आणि दागिन्यांचे वजन किती. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयाला ही सवलत मिळते. स्त्री असल्यास ४० ग्रॅम आणि पुरुष असल्यास २० ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्काविना आणता येतात. आठवडाभराच्या दुबई सहलीहून येणाऱ्याला हे ग्रॅम लागू होत नाहीत. सवलत दागिन्यांपुरती आहे. नाणी आणि बिस्किटे तीत बसत नाहीत.

२०१६च्या नियमांत या वजनाबरोबर किमतीचीही मर्यादा होती. स्त्रीसाठी एक लाख रुपये आणि पुरुषासाठी पन्नास हजार रुपये. त्या वर्षी सोने तीन हजार रुपये ग्रॅमच्या आसपास होते, त्यामुळे ४० ग्रॅम आणि एक लाख यांचा मेळ जवळपास बसत होता. पुढे भाव चढत गेले आणि मर्यादा तिथेच राहिली. ग्रॅमचा भाव दहा हजार धरला तर एक लाखात दहाच ग्रॅम बसतात. कागदावर ४० ग्रॅम वाचून निघालेल्या बाईला विमानतळावर दहाच ग्रॅमची सूट मिळे, आणि वाद तिथूनच सुरू होत. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या बॅगेज नियमांनी ही किमतीची अट काढून टाकली. आता वजनच पाहिले जाते. जुन्या माहितीवर चालणारे नातेवाईक अजून एक लाखाचा आकडा सांगतात, तो सोडून द्यावा.

सवलतीपेक्षा जास्त असलेल्या सोन्यावर शुल्क भरावे लागते. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या प्रवाशाला एक किलोपर्यंतचे सोने, त्यात दागिनेही आले, कमी दराने आणता येते. जुलै २०२४ मध्ये हा दर १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणला गेला. त्याला तीन अटी आहेत. त्या सहा महिन्यांत मायदेशी मारलेल्या फेऱ्या एकूण तीस दिवसांहून जास्त नसाव्यात. शुल्क परकीय चलनात भरावे. आणि दागिन्यात खडे किंवा मोती जडवलेले नसावेत. अटी मोडल्या तर बॅगेजचा सर्वसाधारण दर लागतो आणि तो याच्या कितीतरी पट आहे. दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून प्रवासाच्या आठवड्यात चालू दर पाहून घ्यावा. या लेखात हिशेबापुरते ६ टक्के धरले आहेत.

एका घराचा हिशेब

समजा, मालेगाव तालुक्यातले एक जोडपे चार वर्षे दोह्यात राहून नागपूर विमानतळावर उतरते. मधल्या काळात ते एकदाच, पहिल्या वर्षी, घरी येऊन गेले होते. पत्नीने जाताना नेलेले दागिने असे : मंगळसूत्र १८ ग्रॅम, दोन पाटल्या ४० ग्रॅम, एकदाणी २५ ग्रॅम, एकूण ८३ ग्रॅम. तिने दोह्यात ५२ ग्रॅमच्या बांगड्या घेतल्या. पतीने १४ ग्रॅमचा गोफ घेतला. भाव सोपा जावा म्हणून दहा हजार रुपये ग्रॅम धरू.

जुने ८३ ग्रॅम इथूनच गेले होते हे सिद्ध करता आले, तर ते मोजणीतून बाहेर पडतात. उरल्या बांगड्या. ५२ मधून ४० वजा जाता १२ ग्रॅम शुल्कपात्र ठरतात. त्यांची किंमत एक लाख वीस हजार आणि ६ टक्क्यांनी शुल्क ७,२०० रुपये. पतीच्या वाट्याचे सहा ग्रॅम शिल्लक आहेत, पण ते पत्नीच्या खात्यात वळवता येत नाहीत. सवलत प्रत्येक प्रवाशाची वेगळी असते, कुटुंबाची एकत्र नसते.

आता जुन्या दागिन्यांचा काहीच पुरावा नाही असे धरा. मग पत्नीच्या नावावर १३५ ग्रॅम मोजले जाऊ शकतात. ४० वजा करून ९५ ग्रॅम, म्हणजे साडेनऊ लाख रुपये, आणि शुल्क ५७,००० रुपये. दोन्ही हिशेबांतला फरक ४९,८०० रुपयांचा आहे. आजीच्या पाटल्यांवर हे पैसे जातात ते एका कागदाअभावी.

तो कागद

त्या कागदाला निर्यात प्रमाणपत्र म्हणतात. भारतातून बाहेर पडताना विमानतळावरचा सीमाशुल्क अधिकारी तो देतो. त्यात दागिन्याचे वर्णन, नग, वजन आणि किंमत नोंदलेली असते, आणि परतताना तोच दागिना आहे हे त्यावरून जुळवता येते. वाशीममध्ये हे काम होत नाही. ज्या विमानतळावरून देश सोडायचा तिथेच, मग ते नागपूर असो वा मुंबई, ते करावे लागते. तयारी मात्र घरूनच करावी लागते.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी दागिने सरकारमान्य मूल्यांककाकडे नेऊन मूल्यांकन अहवाल घ्यावा. सराफाची पावती असली तर ती जोडावी. आजीच्या काळच्या दागिन्याची पावती बहुधा नसतेच, तिथे हा अहवालच आधार असतो. प्रत्येक दागिन्याचा जवळून फोटो घ्यावा आणि त्यात घडणीची खूण, डाग, जोड दिसावा. वजनाकडे विशेष लक्ष द्यावे. मंगळसूत्राचे एकूण वजन काळ्या मण्यांसह असते आणि निव्वळ सोने त्याहून कमी भरते. अहवालात दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्यावेत, नाहीतर परतताना विमानतळावरच्या तराजूशी आकडा जुळत नाही आणि शंका येते.

एप्रिल २०२३ पासून सराफाने विकलेल्या नव्या हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर तपासता येतो. हा क्रमांक यादीत लिहावा. तो दागिना भारतात हॉलमार्क झाल्याचे दाखवतो, म्हणून चांगला जोडपुरावा आहे. पण तो तुम्हीच बाहेर नेला होता हे त्यावरून ठरत नाही. ते काम प्रमाणपत्राचेच.

विमानतळावर नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचावे. दागिने हातात हवेत, कारण अधिकारी ते पाहूनच सही करतो. ते जमा केलेल्या बॅगेत गेले असतील तर प्रमाणपत्राचा विषयच संपतो. मूळ प्रत पासपोर्टसोबत ठेवावी आणि एक प्रत घरी ठेवावी.

हे प्रमाणपत्र एका प्रकारे हमखास निकामी होते. परदेशात जुन्या पाटल्या मोडीत देऊन नव्या बांगड्या घेतल्या की नोंदलेला दागिना उरतच नाही. सोने तेच असले तरी कायद्याच्या दृष्टीने बांगड्या नव्या आहेत. सोने घालून दुरुस्ती केली तरी वजन बदलते. नोंदलेले दागिने तिकडे मोडू नयेत हे जाणाऱ्या सुनेला आधीच सांगून ठेवावे.

हिरवा आणि लाल मार्ग

उतरल्यावर दोन मार्ग दिसतात. हिरव्या मार्गाने जाणे म्हणजे 'माझ्याजवळ शुल्कपात्र काही नाही' असे जाहीर करणेच आहे, तोंडाने काही बोलले नाही तरी. आपल्या हिशेबातल्या बाईजवळ १२ ग्रॅम जास्त आहेत, म्हणून तिने लाल मार्गाने जावे, यादी आणि प्रमाणपत्र दाखवावे, शुल्क भरावे आणि पावती घ्यावी. अंगावरचे दागिने मोजत नाहीत हा समज धोक्याचा आहे. वापरातल्या वैयक्तिक दागिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४-२५ मधल्या प्रकरणांत प्रवाशांच्या बाजूचे निर्णय दिले आहेत. पण न्यायालयापर्यंत जायला महिने आणि वकील लागतात.

दागिने अडवलेच तर त्यांची यादी व वजन असलेली पावती घेतल्याशिवाय निघू नये. नोटीस व सुनावणीचा हक्क सोडल्याचा छापील कागद न वाचता सही करू नये. अशा छापील सह्या दिल्ली उच्च न्यायालयाने ग्राह्य धरलेल्या नाहीत. थोड्या दिवसांसाठी आलेल्या आणि परत जाणाऱ्या प्रवाशाला आणखी एक वाट आहे. सामान खरेपणाने जाहीर केले असेल, तर कलम ८० नुसार ते सीमाशुल्क विभागाकडे ठेवून जाताना परत मागता येते.

कुठे ठेवायचे

दागिने जमा करायच्या बॅगेत ठेवू नयेत. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग हरवली तर माँट्रियल कराराने विमान कंपनीची जबाबदारी ठरवून दिली आहे, ती प्रवाशामागे साधारण पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास येते. वरच्या भावाने ती सतरा-अठरा ग्रॅम सोन्याएवढी होते, आणि दागिन्यांची जबाबदारी कंपन्या आपल्या अटींत बहुधा नाकारतातच. प्रत्येक दागिना वेगळ्या कापडी पिशवीत घालून यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहावा. खड्यांचे दागिने कापसात गुंडाळावेत. सगळ्या पिशव्या हातातल्या बॅगेच्या तळाशी ठेवाव्यात. सुरक्षा तपासणीत सुटे दागिने ट्रेमध्ये टाकू नयेत. उघडून दाखवायला सांगितले तर बाजूच्या खोलीत दाखवतो असे म्हणता येते.

शेवटी, आखातातून येणाऱ्याला हमखास येणारी विनंती : 'तेवढा हार आमच्या घरी पोचवा.' सवलत प्रवाशाच्या स्वतःच्या दागिन्यांना असते. दुसऱ्याचा हार सापडला तर सांगायला ना पावती आपली, ना उत्तर आपले, आणि त्याच्यासोबत आपले प्रामाणिकपणे नोंदलेले दागिनेही संशयात येतात. अशा वेळी जवळच्या नातेवाइकालाही नम्रपणे नाही म्हणावे.