पांढरा साका कुणाचा?

कागदाच्या पुडीत चमचाभर पांढरे स्फटिक येतात आणि त्यात कोणता धातू आहे, कोणते आम्ल आहे हे शोधायचे असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत याला ‘सॉल्ट अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. बरीच मुले रंगांचा तक्ता पाठ करून येतात. काळा साका आला तर शिसे किंवा तांबे, तांबूस-तपकिरी आला तर लोह. पण पांढरा साका आला की तक्ता गप्प बसतो, कारण पांढरा साका देणारे धातू भरपूर आहेत. अशा वेळी कामाला येतो तो क्रम. समोर काय आले याइतकेच आधी काय आले नाही हेही मोलाचे असते.

समजा, पुडीत स्ट्राँशियम नायट्रेट आहे. ते पाण्यात सहज विरघळते. सगळ्यात आधी कोरडा नमुना कॉस्टिक सोड्याबरोबर तापवून अमोनियाचा वास येतो का ते पाहायचे. ही चाचणी नंतरवर ढकलता येत नाही, कारण पुढे अमोनियाचे क्षार आपणच ओतणार असतो. मग द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचे. साका नाही, म्हणजे चांदी नाही. आम्लात हायड्रोजन सल्फाइड सोडला तरी काही नाही, म्हणून तांबे, शिसे, बिस्मथ बाद. अमोनियम क्लोराइड आणि अमोनियाने लोह व अ‍ॅल्युमिनियम बाद. अमोनियायुक्त द्रावणात पुन्हा सल्फाइड सोडून जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट बाद. आता अमोनियम कार्बोनेट घातले की दाट पांढरा साका बसतो. उरले तिघे: बेरियम, स्ट्राँशियम, कॅल्शियम. मॅग्नेशियम या साक्यात घुसू नये, म्हणून आधीचे अमोनियम क्लोराइड भरपूर असावे लागते.

या तिघांना वेगळे करताना मुले सर्वात जास्त चुकतात. साका धुऊन गरम अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवायचा आणि द्रावणाच्या एका भागात पोटॅशियम क्रोमेट घालायचे. पिवळा साका आला तर बेरियम. पण आम्ल कमी पडले तर स्ट्राँशियमचे क्रोमेटही पिवळे होऊन खाली बसते आणि वहीत बेरियम लिहिले जाते. बेरियम नसेल तर दुसऱ्या भागात अमोनियम सल्फेट घालायचे. स्ट्राँशियमचा पांढरा साका इथे यायला हवा, पण तो सावकाश येतो. नळी जरा कोमट करून, काचेच्या कांडीने आतली बाजू घासून काही मिनिटे थांबावे लागते. घाई झाली की ‘साका नाही’ म्हणून विद्यार्थी पुढे ऑक्झलेट घालतो, तिथे पांढरे दिसते आणि तो कॅल्शियम लिहून मोकळा होतो. खरे तर स्ट्राँशियमही ऑक्झलेटबरोबर पांढरा साका देतो. बेरियम आणि स्ट्राँशियम दोन्ही नाहीत याची खात्री असेल, तरच ऑक्झलेटच्या साक्याला अर्थ आहे.

दोन्ही चुका ज्योत पकडून देते. प्लॅटिनमची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरायची, ज्योत रंगहीन राहीपर्यंत पुन्हा पुन्हा. मग तारेला आम्लात भिजवलेला थोडा नमुना लावायचा. आम्ल कशाला? क्षाराचे क्लोराइड व्हावे म्हणून, कारण क्लोराइडे ज्योतीत लवकर उडतात आणि रंग ठळक दिसतो. बेरियम पोपटी हिरवा, कॅल्शियम विटकरी, स्ट्राँशियम गडद किरमिजी. क्रोमेटने पिवळा साका दिला आणि ज्योत मात्र किरमिजी, तर आम्ल कमी पडले होते असे समजून ती चाचणी पुन्हा करावी.

विटकरी आणि किरमिजी यांत नवख्या डोळ्याची गफलत होते. त्यात बोटांच्या घामातले मीठ तारेवर लागले की सोडियमचा पिवळा भडका सगळे झाकून टाकतो. म्हणून ज्योत कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहतात. काच तो पिवळा अडवते. तिच्यातून कॅल्शियम फिकट हिरवा दिसतो, स्ट्राँशियम जांभळा. मला या छोट्या काचेचे फार अप्रूप वाटते: उघड्या डोळ्यांना लालच्या दोन छटा, तिच्यातून सरळ दोन वेगळे रंग.

आता आम्लाचा भाग. तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि तांब्याचा कीस घालून तापवले की तपकिरी वाफा येतात, म्हणजे नायट्रेटची शंका. खात्री तपकिरी कड्याने करायची, पण मूळ द्रावण घेतले तर सल्फ्युरिक आम्ल ओतताच स्ट्राँशियम सल्फेटचा पांढरा गढूळपणा कडे झाकतो. म्हणून नमुना सोडियम कार्बोनेटबरोबर पाण्यात उकळून गाळतात. स्ट्राँशियम कार्बोनेट होऊन गाळणीवर राहते, नायट्रेट खाली उतरते. गाळलेल्या पाण्यात विरल सल्फ्युरिक आम्ल फसफस थांबेपर्यंत घालायचे, मग ताजे फेरस सल्फेट, आणि नळी तिरपी धरून भिंतीवरून तीव्र सल्फ्युरिक आम्लाची बारीक धार. जड आम्ल तळाशी जाते. दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडे उमटते आणि नळी हलवली तर नाहीसे होते, म्हणून ते स्थिर नळीतच पाहून घ्यायचे.