फोन बदलला, ई-सिम का चालू होईना?

आमच्या कशेळ्यातल्या एका गटाच्या कोषाध्यक्ष ताईंचा नंबर ऐन हप्त्याच्या आठवड्यात बंद पडला. गटाचं बँकेचं खातं त्याच नंबरला जोडलेलं, त्यामुळे आम्हीही त्यांच्याबरोबर धावपळ केली. तेव्हा जे कळलं ते आज सांगतो.

ताईंच्या फोनमध्ये ई-सिम होतं. साधं सिम आपण पिन घालून काढतो आणि दुसऱ्या फोनमध्ये सरकवतो. ई-सिममध्ये काढण्यासारखं काही नसतं. फोनच्या आत एक चिप पक्की बसवलेली असते आणि कंपनी त्यात आपल्या नंबरची माहिती इंटरनेटवरून उतरवते. त्या चिपला ३२ आकडी क्रमांक असतो, त्याला ईआयडी म्हणतात. डायलवर *#06# दाबलं की तो दिसतो. फोन बदलला की ईआयडीही बदलतो. म्हणून हा नंबर आता या नव्या चिपवर आहे, अशी नोंद कंपनीने केल्याशिवाय नवा फोन मुकाच राहतो.

ताईंच्या जावयांनी हौसेने नवा फोन आणला. त्यांनी आधी जुन्या फोनमधलं ई-सिम काढून टाकलं, म्हणजे Delete केलं. मग मागच्या वेळी ईमेलवर आलेला क्यूआर कोड नव्या फोनने स्कॅन केला. तो चालेना. तो कोड एकदाच वापरायचा होता आणि तो जुन्या फोनवर वापरून झाला होता. त्यांनी फोन बंद-चालू केला, पुन्हा पुन्हा स्कॅन केला, आणि शेवटी नवाच फोन खराब म्हणून दुकानदाराला बोल लावला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता!

खरी अडचण पुढे आली. नवा कोड मागायचा तर मेसेज त्याच नंबरवरून करायचा, आणि नंबर तर बंद. कंपनीचं ॲप उघडायचं तर ओटीपी त्याच नंबरवर येणार. घराला आतून कडी लावून बाहेर उभं राहावं, तसं झालं. शेवटी ताई आधार कार्ड घेऊन स्वतः कर्जतला कंपनीच्या दुकानात गेल्या. ज्याच्या नावावर नंबर, त्यालाच जावं लागतं. त्यामुळे जावयांना पाठवून भागलं नसतं.

म्हणून क्रम उलटा ठेवायचा. जुना फोन चालू असतानाच विनंती करायची. एअरटेलला eSIM लिहून, जागा सोडून आपला नोंदवलेला ईमेल लिहायचा आणि मेसेज 121 वर पाठवायचा. जिओला GETESIM, मग नव्या फोनचा ईआयडी, मग त्याचा आयएमईआय, असा मेसेज 199 वर जातो. त्यानंतर कंपनी खात्री करून घेते. उलट मेसेज येतो, फोनही येऊ शकतो, आणि उत्तर ठरलेल्या वेळातच द्यावं लागतं. एअरटेलला तर एका मिनिटात 1 पाठवायचा असतो. ही खात्री जुन्या फोनवरच येते, म्हणून तो चार्ज करून हातात ठेवा. गावात रेंज येते-जाते, तर रेंजच्या जागी उभं राहूनच हे काम करा.

क्यूआर कोड आला की तो दुसऱ्या फोनवर उघडा किंवा छापून आणा, कारण ज्या फोनने स्कॅन करायचं त्याच्याच पडद्यावरचा कोड त्याच्या कॅमेऱ्याला कसा दिसणार? आणि नव्या फोनला कुणाच्या तरी हॉटस्पॉटचं इंटरनेट द्या. तिथे अजून सिमच नाही, मग नेट कुठून येणार?

तरी चालू झालं नाही तर सेटिंगमध्ये सिमची यादी बघा. कंपनीचं नावच नसेल, तर माहिती फोनमध्ये उतरलेली नाही. मग इंटरनेट तपासा, आणि कोड वापरला गेला असेल तर नवा मागा. नाव आहे पण No service दिसतं, तर माहिती उतरली आहे आणि कंपनीची नोंद बाकी आहे. अशा वेळी काही तास थांबा. घाईने Delete केलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

ताईंना दुकानातून नवा कोड मिळाला, दुपारी रेंज आली, बोलणंही झालं. घरी येऊन यूपीआय ॲप लावलं तर ते अडलं. पुन्हा घाबरगुंडी! पण बिघाड काही नव्हता. सिम बदललं की २४ तास मेसेज येणं-जाणं बंद ठेवतात, म्हणजे कुणी चोरून आपला नंबर घेतला तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नये. यूपीआय नव्या फोनवर लावताना त्या फोनमधून मेसेज जावा लागतो, तो जात नव्हता. गटाचा हप्ता आम्ही पासबुक घेऊन शाखेत रोख भरला. दुसऱ्या दिवशी मेसेज सुरू झाले आणि यूपीआयही लागलं. तेव्हा फोन बदलायचा तर हप्त्याच्या आदल्या दिवशी नको.

आणि तुम्ही काही मागितलेलं नसताना ई-सिमच्या खात्रीचा मेसेज आला, किंवा कुणी फोनवर ‘1 पाठवा’ म्हणालं, तर पाठवू नका. तुमचा नंबर दुसऱ्याच्या फोनवर नेण्याचा तो डाव असू शकतो. त्यानंतर अचानक रेंज गेली तर शेजारणीच्या फोनवरून आधी बँकेला आणि 1930 ला कळवा.