एकूण कोलेस्टेरॉल १९६, तरीही
समजा, वाळूज एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या, पीसीओएस असलेल्या तरुणीचं एकूण कोलेस्टेरॉल १९६ आलं. २००च्या आत, म्हणून रिपोर्ट बाजूला पडतो. पण खालच्या ओळी वाचा: ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६. पीसीओएसमधला हा नेहमीचा नमुना. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग यकृत रक्तात जास्त चरबी सोडतं आणि चांगलं एचडीएल घटतं. १९६मधून ३६ वजा करा. उरतात १६०; एचडीएल सोडून उरलेलं हे कोलेस्टेरॉल साधारण १३०च्या आत हवं.

वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के घटही ट्रायग्लिसराइड उतरवते. मेटफॉर्मिनचा चरबीवर परिणाम माफकच. पाळी नियमित करणाऱ्या इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या ट्रायग्लिसराइड वाढवू शकतात. स्टॅटिन एलडीएल कमी करतं, पण मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.